लाल किटली: हायवेवरच्या चहाच्या हॉटेलचं नाव कसं ठरवावं आणि पाटीवर काय लिहावं

मी पाट्या रंगवतो. हडपसरपासून इंदापूरपर्यंतच्या सोलापूर रस्त्यावर माझ्या हातच्या बऱ्याच पाट्या उभ्या आहेत. काही पडल्या, काहींवर आता फ्लेक्स चढलाय. गिऱ्हाईक येतं तेव्हा नाव ठरवूनच आलेलं असतं आणि मी निमूटपणे रंगवून देतो. पण गेल्या वर्षी शाळेतला एक सोबती आणि त्याची बायको यवतच्या पुढे वरवंडच्या बाजूला रस्त्याला लागून असलेल्या स्वतःच्या दहा गुंठ्यांत चहाचं हॉटेल टाकायचं म्हणून आले, आणि नाव ठरवलेलंच नव्हतं. "दादा, ट्रकवालेपण थांबले पाहिजेत आणि तुळजापूर-अक्कलकोटला जाणारी घरची माणसंपण," वहिनी म्हणाल्या. त्या नावापासून पाटी उभी राहीपर्यंत आम्ही जे जे केलं, ते क्रमाने सांगतो. तुमची जागा सातारा रस्त्याला खेड शिवापूरला असो, नगर रस्त्याला शिक्रापूरला असो की नाशिक रस्त्याला मंचरला, हिशेब हाच राहतो.

आधी रस्त्याच्या कडेला बसा

नावाची वही उघडायच्या आधी आम्ही दोन वेळा जागेवर बसलो. एकदा पहाटे पाच ते सात, एकदा रात्री दहा ते बारा. पुण्यातून पहाटे निघालेल्या गाड्या तासाभरात, 40-45 किलोमीटरवर, आमच्यासमोरून जात होत्या. मागच्या सीटवर पेंगलेली मुलं, पुढच्या काचेला स्वामींचा फोटो. या लोकांचा हा पहिला थांबा असतो आणि त्यांना चहाइतकीच, खरं म्हणजे चहाच्या आधी, स्वच्छतागृहाची गरज असते. रात्रीचा रस्ता वेगळाच. दहा टायर, बारा टायर, चौदा टायर, कंटेनर. नंबरप्लेटी राजस्थानच्या, तमिळनाडूच्या, तेलंगणाच्या, कर्नाटकच्या. ड्रायव्हरला पाहिजे असते गाडी मागे न घेता आत येऊन पुढून बाहेर पडायची वाट, तोंडावर मारायला पाणी आणि कडक चहा.

दोघं एकमेकांना घाबरतात, हे तिथे बसल्यावर कळतं. फक्त ट्रक उभे दिसले की कारवाला बायकोकडे बघतो आणि पुढे निघतो. फक्त कार उभ्या दिसल्या, त्यातही कारंजं आणि झोपाळा दिसला, की ट्रकवाला समजतो, इथे चहा महाग असणार आणि वॉचमन शिट्टी मारून गाडी बाहेर काढायला लावणार. म्हणजे पाटीला दोन वेगवेगळ्या माणसांना बोलावून भागत नाही. एकाला दुसऱ्याबद्दल निर्धास्तही करावं लागतं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

अंतराचा हिशेब

कारवाला ताशी 80 किलोमीटरने येतोय असं धरा. म्हणजे सेकंदाला 22 मीटर. पाटी वाचली, मागे आरसा पाहिला, बायकोला विचारलं, इंडिकेटर दिला, यात तीन सेकंद जातात, म्हणजे 65 मीटर गेले. मग पोरांना धक्का न बसता गाडी हळू करायला आणखी सव्वाशे मीटर. भरलेला ट्रक ताशी 60 ने येत असला तरी त्याला ब्रेक अलगद लावावा लागतो, त्यामुळे त्याचाही हिशेब तेवढ्यावरच येतो. थोडक्यात, नाव दोनशे मीटर आधी वाचून झालं नाही तर ते वाचून उपयोग नाही. गाडी पुढे गेलेली असते, आणि दुभाजकाच्या रस्त्यावर परत कोणी वळत नाही.

दोनशे मीटरवरून वाचता यावं म्हणून अक्षराची नुसती उंची, म्हणजे शिरोरेघेपासून खाली, वेलांटी-मात्रा सोडून, निदान दीड फूट लागते. दीड फुटाच्या अक्षरांत तीन शब्दांचं नाव लिहायला गेलात तर पाटी पंचवीस फुटांवर जाते आणि ती पाटी मेच्या वळवाच्या वाऱ्यात टिकवायला जो लोखंडी सांगाडा लागतो, त्यात चहाच्या गाडीचा खर्च निघतो. म्हणून नाव छोटं हवं. चार ते सहा अक्षरं. 'छान वाटतं' म्हणून नव्हे, फुटात बसत नाही म्हणून.

यातच जोडाक्षरांचाही निकाल लागतो. मी एकदा लोणीच्या पुढे एका हॉटेलला 'तृप्ती' रंगवून दिलं होतं. वळणदार, सावली दिलेलं, माझ्या मते त्या वर्षातलं माझं सगळ्यात देखणं काम. पण 'तृ' आणि 'प्ती' लांबून दोन काळे ठिपके दिसायचे. लोक त्या जागेला शेवटपर्यंत 'पाण्याच्या टाकीजवळचं' म्हणत राहिले. आपल्या पुण्याचा लाडका शब्द 'अमृततुल्य' याच चाळणीत अडकतो. शहरात दुकानासमोरून पायी जाणाऱ्याला तो शब्द लगेच सांगतो की इथे वेलची-आल्याचा, दुधाळ, गोड चहा मिळेल. हायवेवर 'तुल्य' वाचता वाचता हॉटेल मागे पडतं. तो शब्द हवाच असेल तर आत, काउंटरच्या वर लिहा.

तिथे लोक आधीपासून काय म्हणतात ते विचारा

प्रत्येक जागेला नाव असतंच. शेजारच्या शेतकऱ्याला, एसटीच्या कंडक्टरला, उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला विचारा, "इथं उतरायचं असलं तर काय सांगता?" आमच्या जागेला सगळे 'चिंचेपाशी' म्हणत होते. रस्त्याच्या कडेला जुनी चिंच होती. सोबती खूष झाला. 'चिंच' हे नाव त्याने जवळपास पक्कंच केलं.

मी अडवलं. चिंच होती रस्त्याच्या हद्दीत. रस्ता रुंद झाला की सगळ्यात आधी तीच जाणार, आणि मग चिंच नसलेलं 'चिंच' हॉटेल दरवेळी समजावून सांगत बसावं लागणार. जे आपल्या ताब्यात नाही त्याच्यावरून नाव ठेवू नये. रस्त्याच्या नंबराचंही तसंच. 2010 मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. हा सोलापूरचा रस्ता 9 चा 65 झाला, साताऱ्याचा 4 चा 48, नाशिकचा 50 चा 60. ज्यांनी हौसेने पाटीवर जुना क्रमांक टाकला होता, ते आता नव्या पोरांना इतिहास शिकवत बसतात.

देवाचं नाव आपल्याकडे पहिलं सुचतं. साई, मल्हार, तुळजाई, स्वामी समर्थ. श्रद्धेबद्दल मी काही बोलत नाही; देवाचा फोटो गल्ल्यावर असावाच. पण या रस्त्यावर एका नावाची इतकी हॉटेलं आहेत की ड्रायव्हर मागच्या गाडीला फोनवर "साईवर थांबलोय" म्हणाला, की पलीकडून "कुठल्या?" असंच येतं.

नावांची चाळणी

आम्ही वहीत अठरा नावं लिहिली. त्यातली बहुतेक एका संध्याकाळी गळाली, आणि ती का गळाली हे तुमच्या कामाचं आहे.

'फॅमिली' शब्द असलेली नावं आधी काढली. हे ऐकून वहिनींना आश्चर्य वाटलं, कारण त्यांना तेच हवं होतं. पण हायवेवर 'फॅमिली गार्डन', 'फॅमिली रूम' या पाट्या परमिट रूमच्या शेजारी इतकी वर्षं लागल्या आहेत, की तो शब्द वाचून घरच्या माणसांच्या मनात आधी बार येतो. ट्रकवाल्याला तर तो शब्द सरळ 'तू नको' असंच सांगतो. 'ड्रायव्हर' किंवा 'ढाबा' हे शब्द उलट बाजूने तेच करतात. शिवाय 'ढाबा' म्हटलं की जेवण मागितलं जातं, आणि चहा-पोह्याच्या हॉटेलात रोज पन्नास वेळा "जेवण नाही" म्हणणं बरं नव्हे.

मग हिंदीचा कान. रात्रीच्या निम्म्या गिऱ्हाइकाला मराठी येत नाही, पण देवनागरी वाचता येते, ही आपल्या पाटीची मोठी सोय आहे. मात्र वाचलेल्या शब्दाचा अर्थ तिकडे काय होतो हे बघावं लागतं. वहीत एक नाव होतं 'चहाकट्टा'. आपल्याकडे कट्टा म्हणजे गप्पांची जागा. उत्तर प्रदेश-बिहारकडे कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. चांगलं नाव होतं, पण गेलं. 'घोटभर' गेलं, कारण ऐकणाऱ्याला नीट कळेना. 'विसावा' सुंदर शब्द, पण हिंदीवाल्याला काहीच सांगत नाही, आणि त्या नावाची हॉटेलं, लॉजं, मंगल कार्यालयं सगळीकडे.

गुळाचं नाव मात्र आम्ही बराच वेळ सोडलं नाही. दौंड तालुका गुऱ्हाळांचा. यवत-केडगावच्या पट्ट्यात हंगामात काकवीचा वास रस्त्यापर्यंत येतो. 'गुळाचा चहा' नाव इथे खोटं पडलं नसतं. अडचण वेगळी होती. गूळ घालून दूध उकळलं की दूध नासायची भीती असते. गूळ गॅस बंद केल्यावर, चहा थोडा निवल्यावर घालावा लागतो. पंधरा कपांना हे जमतं. पहाटे एका वेळी तीन ट्रॅव्हल्स थांबल्या की पातेलं सारखं उकळत राहतं, आणि तिथे एखादं पातेलं हमखास फाटतं. त्यात ट्रकवाल्याला साखरेचा, पत्ती जळेपर्यंत कढलेला चहाच लागतो. नावात जे लिहाल ते प्रत्येक गिऱ्हाईक मागणार. म्हणून गुळाचा चहा मेन्यूत, वेगळ्या छोट्या पातेल्यात राहिला.

उरलेल्या नावांत एक होतं 'किटली'. ते सोबत्याच्या मुलाने लिहिलं होतं, दहावीतल्या. मराठीत किटली, हिंदीत केतली, गुजरातीत तर किटली म्हणजे चहाची टपरीच. ज्याला आपली कुठलीच लिपी येत नाही, त्या तमिळनाडूच्या ड्रायव्हरलाही किटलीचं चित्र कळतं. नाव आणि चित्र एकच असणं हा फार मोठा फायदा असतो. 'विसावा'चं चित्र काय काढणार? पण नुसती 'किटली' फोनवर पुरेशी ठसत नव्हती. तिला रंग हवा होता. 'पिवळी किटली' म्हणून पाहिलं. 'ळ' हिंदीवाल्याला अडतो. 'लाल किटली' म्हटल्याबरोबर मुलगा हसला, "लाल किल्ल्यासारखं." बरोबर. हिंदी कानाला लाल किला ओळखीचा, आपल्याला एसटीची लाल परी ओळखीची. पाच अक्षरं, एकही जोडाक्षर नाही, आणि "लाल किटलीपाशी आहे" हे वाक्य इंजिन चालू असतानाही ऐकू जातं.

हे शेवटचं आम्ही खरंच करून पाहिलं. सोबत्याने रस्त्यावरून, शेजारी ट्रॅक्टर चालू ठेवून, पुण्यातल्या मेव्हण्याला फोन लावला आणि नावं एकेक सांगितली. मेव्हण्याने ऐकलं तसं कागदावर लिहायचं. तीन नावं त्याने चुकीची लिहिली, 'लाल किटली' बरोबर लिहिलं.

दहा मीटरवरची परीक्षा

पाटी न बनवता ती लांबून कशी दिसेल हे घरी पाहता येतं. दीड फुटाचं अक्षर दोनशे मीटरवरून जेवढं दिसतं, तेवढंच सव्वादोन सेंटीमीटरचं अक्षर दहा मीटरवरून दिसतं. कोऱ्या कागदावर जाड मार्करने सव्वादोन सेंटीमीटर उंचीची अक्षरं काढा, एका कागदावर एक नाव. अंगणात दहा मीटर मोजून एखाद्या नाव माहीत नसलेल्या माणसाला उभं करा. कागद दोन सेकंद दाखवून खाली करा आणि काय वाचलं ते विचारा. चष्मेवाले काकाही बोलवा, शाळेतलं पोरही बोलवा. दोघांनी वाचलं तर नाव पास.

घरातल्या माणसांवर ही परीक्षा घेऊ नका. त्यांना नाव आधीच माहीत असतं, म्हणून त्यांना ते वाचता येतं.

खालची ओळ

नाव लांबून बोलावतं, ओळ जवळ आल्यावर मन पक्कं करते. दोन्ही एकाच आकारात लिहिणं ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक. ओळ त्या वेळी वाचली जाते जेव्हा गाडी हळू झालेली असते, म्हणून तिला सहा इंचांची अक्षरं पुरतात आणि तिला शब्दांची थोडी मोकळीक असते. थोडीच. सहा-सात शब्दांपुढे गेली की ती ओळ न राहता परिच्छेद होतो.

आमची पहिली ओळ होती, 'प्रवासाचा थकवा घालवा, आमचा स्पेशल चहा प्या'. ही ओळ महाराष्ट्रातल्या कुठल्याही हॉटेलला लावता येते, आणि लावलेली आहेही. दुसरी होती, 'ट्रकला जागा, घरच्यांना सावली'. ही बरी होती, कारण ती दोघांबद्दल बोलत होती. पण ती दोघांना दोन वेगळ्या जागी बसवत होती, आणि पहाटे पाचला सावलीचं कोणाला काय?

मग आम्ही त्या भीतीकडे परत गेलो. ट्रकवाल्याला वाटतं भाव कारवाल्यांचा असेल. कारवाल्याला वाटतं ही जागा आपल्यासाठी नाही. दोघांनाही एकाच शब्दात काय सांगता येईल? की इथे सगळ्यांना चहा एकच आहे. सोबत्याने लिहिलं, 'गाडी लहान असो की मोठी, चहाचा भाव सगळ्यांना एकच'. अर्थ बरोबर, पण ओळ जिभेवर बसत नव्हती. ड्रायव्हर स्वतःच्या गाडीला 'मोठी' म्हणत नाही. तो 'चौदह चक्का' म्हणतो. आपण कारला 'चारचाकी' म्हणतो. आणि मग ती ओळ आपोआप च ला च लावत आली:

'चारचाकी, चौदाचाकी – चहा एकच!'

हिंदीवाल्यालाही चार आणि चौदा कळतात, चाक म्हणजे चक्का हे तो ओळखतो. कुणाला भारी ठरवलेलं नाही, कुणाला हलकं नाही. वहिनींनी विचारलं, "आणि दुचाकीवाले?" मी म्हणालो, ते पाटी वाचायच्या आधीच उतरलेले असतात.

यमक जुळलं की ओळ झाली असं समजू नका. ओळ खरी राहील का ते विचारा. आमच्या ओळीने एक बंधन घातलं: ट्रकवाल्याला काचेचा ग्लास आणि कारवाल्याला सिरॅमिकचा कप देऊन दुप्पट पैसे, हे आता करता येणार नव्हतं. चहा एकाच मापाचा, एकाच भावाचा, आणि भाव पाटीखाली ठळक. सोबत्याला आधी हे जड गेलं, कारण कारवाल्यांकडून पाच रुपये जास्त घ्यायचा त्याचा बेत होता. तसं करायचं असेल तर ही ओळ लावू नये. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी पाटीकडे बोट दाखवून भांडेल, आणि त्याचं बरोबर असेल.

स्वच्छतागृह आणि पार्किंग हे ओळीत घुसडू नका. त्यांच्या वेगळ्या, साध्या, बाण असलेल्या पाट्या करा: 'महिलांसाठी स्वच्छ शौचालय', 'मोठ्या गाड्या पुढे डावीकडे'. माझ्या मते घरच्या माणसांना थांबवण्यात नावानंतर दुसरा नंबर या शौचालयाच्या पाटीचाच लागतो, फक्त ती खरी असली पाहिजे. आत जाऊन नाक धरून बाहेर आलेली बाई पुढच्या खेपेला लाल किटली बरोबर ओळखते आणि न थांबता जाते.

पाटी कुठे, कशी, कोणत्या रंगात

हॉटेलच्या कपाळावर, रस्त्याला समांतर लावलेली पाटी समोर आल्यावरच दिसते. मुख्य पाटी रस्त्याला आडवी, येणाऱ्या गाडीकडे तोंड करून, आत वळायच्या तोंडाशी उभी करा. दुभाजक असलेल्या रस्त्यावर ती एकाच बाजूने रंगवली तरी चालते. आमच्या पाटीचं तोंड पुण्याकडे आहे, मागची बाजू मी नुसता रेड ऑक्साइड मारून सोडली. पलीकडून येणारा वाचून करणार काय?

ट्रक पाटीच्या पुढे, म्हणजे सोलापूरच्या अंगाला उभे राहतील अशी जागा ठेवा, आणि कार पाटीजवळ. उलट केलंत तर कंटेनर तुमचीच पाटी झाकतो आणि लांबून फक्त ट्रक दिसतात. पाटीचा खालचा काठ आम्ही जमिनीपासून दहा फुटांवर ठेवला. आकार दहा फूट बाय सहा फूट: डावीकडे किटलीचं चित्र, उजवीकडे वर 'लाल', खाली 'किटली'. दोन ओळींच्या मधे अंतर जास्त सोडावं लागतं, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या अक्षरांच्या पायात अडकते. 'चहा' हा शब्द किटलीच्या पोटावर.

पाटी स्वतःच्या जागेत हवी. रस्त्याच्या हद्दीत रोवलेली पाटी महामार्गवाले कधीही उपटून नेतात आणि तक्रारीला जागा राहत नाही. त्याआधी अर्धा किलोमीटर पुण्याच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या बांधावर, त्याला वर्षाचं ठरवून, आम्ही एक छोटी पाटी लावली. तिच्यावर नुसती लाल किटली आणि '500 मी.' एवढंच. मुलं ती किटली शोधतात, आणि मुलाने मागच्या सीटवरून "ती बघ किटली" म्हटलं की बाप अर्धा थांबलेला असतो.

रंगाचं एक सांगतो, कारण नावात रंग आहे. लाल अक्षरं रात्री काळी दिसतात. म्हणून अक्षरं काळी, जमीन पिवळी, आणि फक्त किटली लाल, तिला बोटभर पांढरी किनार. उजेड वरून पाटीवर पडणारा, पांढरा. निळे-हिरवे पळते दिवे लावू नका. रात्री लांबून ते बारचे दिवे वाटतात, आणि पळती अक्षरं ताशी 80 ने वाचताही येत नाहीत. फ्लेक्स स्वस्त पडतो, पण उन्हात त्यातला लाल रंग आधी उडतो. वर्षाने 'लाल किटली'त गुलाबी किटली उभी असते. म्हणून किटली आम्ही पत्र्याची कापून ऑइलपेंटने रंगवली. काउंटरवरही एक खरी मोठी लाल किटली ठेवली. तिच्यातून चहा ओतत नाहीत, पण लोक तिच्याबरोबर फोटो काढतात.

कागदपत्रांचं थोडक्यात

दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी. 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा 2022 मध्ये दुरुस्त झाला, तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही हे लागू आहे, आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. आमच्या नावात भांडणच नव्हतं, कारण तेच शब्द हिंदीवालाही वाचतो. अन्नाच्या नोंदणीचा 14 आकडी क्रमांक हॉटेलात दिसेल असा लावा.

नाव दुसऱ्याच्या मालकीचं नाही ना, हे पाटी रंगवायच्या आधी बघा. tmrsearch.ipindia.gov.in वर शब्द टाकून शोधता येतं. हॉटेल-उपाहारगृहांसाठी वर्ग 43, चहा पावडर विकणार असाल तर वर्ग 30. देवनागरीत आणि रोमन लिपीत, स्पेलिंग बदलून शोधा, कारण उच्चार सारखा असला तरी वाद होतो. सापडलं तर जीव अडकवू नका, वहीतलं दुसरं नाव घ्या. शहरात चाललेल्या एखाद्या चहाच्या ब्रँडच्या नावात एक अक्षर बदलून पाटी लावणारे मी पाहिलेत. नोटीस आली की पाटीही जाते आणि जमलेली ओळखही.

पंधरा दिवस कच्ची पाटी

पत्र्याला हात लावायच्या आधी आम्ही त्याच मापाचा साधा फ्लेक्स बांबूवर बांधून पंधरा दिवस चालवला. गल्ल्यावर दोन बरण्या ठेवल्या. ट्रक थांबला की एकीत चिंचोका, कार थांबली की दुसरीत. एका बरणीत भर पडते आणि दुसरी तशीच राहते असं दिसलं, तर बिघाड शक्यतो नावात नसतो. आधी उभ्या गाड्यांची जागा बघा, मग उजेड बघा, मग शौचालयाची पाटी दिसते का ते बघा. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात कारची बरणी रिकामीच होती. ट्रक पाटीच्या अलीकडे लागत होते. दोन ड्रम आणि दोरी बांधून त्यांना पुढे नेलं, तेव्हा ती भरायला लागली.

या दिवसांत गिऱ्हाइकाला "नाव कसं वाटलं?" विचारू नका, सगळे "छान" म्हणतात. निघताना विचारा, "मागून कोणी येत असेल तर त्याला काय सांगाल?" तो 'लाल किटली' म्हणाला तर ठीक. तो 'वरवंडच्या अलीकडचं ते पिवळ्या पाटीचं' म्हणाला, तर नाव अजून वाचलं गेलेलं नाही, अक्षर वाढवा.

नकाशावर नाव टाकताना देवनागरीत लाल किटली आणि शेजारी Lal Kitli असं दोन्ही लिहा, आणि पत्ता पुणे-सोलापूर रस्ता, कोणती बाजू, हे स्पष्ट टाका. चुकीच्या बाजूचा पिन पडला तर घरची माणसं दुभाजकापलीकडून हात हलवत निघून जातात.

पाटीचा लाल रंग ज्या डब्यातून काढलात, त्याच कंपनीचा त्याच नंबरचा अर्धा लिटर जास्तीचा आणून ठेवा आणि झाकणावर नंबर खिळ्याने कोरून ठेवा. दसऱ्याच्या आधी, पाऊस उघडला की, किटलीवर एक हात मारायचा असतो, आणि दुकानदाराला नुसतं 'लाल' सांगितलं तर तो पाच वेगळे लाल समोर ठेवतो.